तीन वर्षांची गॅप आणि बदललेलं फील्ड, इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल सांगताना कसं सांगायचं

प्रश्न: "बीएस्सी केमिस्ट्री झालंय. लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला साडेचार वर्षं होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला म्हणून नोकरी सोडून सासरी पावसला आले. आता ते काठीने चालतात, दिवसा एक बाई येते. मधे दोन सीझन घरची आंब्याची बाग बघितली. आता रत्नागिरीत आंबा पल्पच्या फॅक्टरीत क्यूए केमिस्टसाठी इंटरव्ह्यू आहे. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की त्या तीन वर्षांवर येऊन अडखळते आणि मग सगळी कहाणीच सांगत बसते. फील्ड पण वेगळं. कसं सांगू?"

लोटे, खेर्डी आणि मिरजोळे या पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी मी बरीच वर्षं भरतीचं काम करतेय, त्यात लॅबची माणसं खूप घेतली, केमिकललाही आणि फूडलाही. त्यामुळे टेबलाच्या या बाजूला बसून काय ऐकू येतं ते सांगते.

तुम्ही अडखळता कारण तुम्हाला वाटतं की समोरच्याने तीन वर्षांचा हिशोब मागितलाय. त्याने तो मागितलेला नाही. सासऱ्यांना अटॅक कधी आला, कुठल्या हॉस्पिटलला नेलं, कोण होतं, कोण नव्हतं, यातलं काहीही त्याच्या कामाचं नसतं, आणि माणूस म्हणून त्याला वाईट वाटलं तरी त्यावर तो निर्णय घेऊ शकत नाही. तारखांच्या मधे रिकामी जागा दिसली की त्याच्या डोक्यात तीनच गोष्टी येतात. ज्या कारणाने सोडली ते कारण अजून चालू आहे का, म्हणजे ऐन मे महिन्यात ही बाई घरी बसेल का. हात अजून चालतो का. आणि तिसरं, फील्ड बदललंय म्हणून, की हिला खरंच आमच्याकडे यायचंय की जवळ आहे म्हणून आलीय आणि लोट्यावरून फोन आला की जाईल. तुमच्या इंट्रोमध्ये या तिघांची उत्तरं न विचारता येऊन गेली पाहिजेत. "का सोडली" याचं उत्तर चार शब्दांचं असलं तरी चालतं.

आता हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. कारण काय होतं त्यावर बोलायची पद्धत बदलते. घरातलं आजारपण, बाळंतपण, लग्नानंतर गाव बदलणं, ही कारणं इकडे कोणालाच नवीन नाहीत, ती चार शब्दांत सांगून पुढे जायचं. २०२०-२१ ची गॅप असेल तर कोविड आणि चिपळूणकरांसाठी जुलै २०२१ चा पूर, यावर इथला माणूस प्रश्नही विचारत नाही, साल ऐकलं की त्याला कळतं. स्पर्धा परीक्षेची तयारी केली असेल तर सरळ तसं सांगायचं, पण सोबत "आता तो विषय संपवलाय" हे वाक्य लागतंच, कारण फॉर्म परत निघाला की माणूस जातो हा आमचा नेहमीचा अनुभव. स्वतःचं आजारपण असेल तर आजाराचं नाव सांगायची गरज नाही, "तब्येतीच्या कारणाने थांबले होते, आता फिट आहे, शिफ्टला अडचण नाही" इतकं पुरतं. ते काम जड किंवा केमिकलशी संबंधित असेल तर जॉइनिंगच्या आधी मेडिकल होतंच, तिथे डॉक्टरला खरं सांगा. आणि कंपनीने काढलं असेल तर ती वेगळीच गोष्ट आहे, त्यावर इथे लिहीत नाही, ते या साच्यात बसत नाही.

तुमचं कारण सगळ्यात सोपं आहे आणि त्याचा शेवट झालेला आहे. सासरे चालतात, बाई येते. पण तुमच्या बोलण्यात हाच भाग येत नसणार, मी खात्रीने सांगते. बहुतेकजणी आजारपण कसं सुरू झालं ते रंगवून सांगतात आणि आता काय व्यवस्था आहे ते राहूनच जातं, कारण सांगता सांगता गळा भरून येतो आणि मग गप्प बसतात. म्हणजे समोरच्याला नको असलेला अर्धा भाग मिळतो आणि हवा असलेला मिळतच नाही.

गॅपचं वाक्य मी असं बांधायला सांगते: आधी महिना-साल, मग कारण चार-पाच शब्दांत, मग ते आता कुठल्या स्थितीत आहे, आणि मी कशासाठी मोकळी आहे. बस. तुमचं होईल ते असं: "ऑगस्ट २०२२ मध्ये घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडून पावसला आले, आता घरी व्यवस्था लागली आहे आणि मी फुल टाइम, शिफ्टसकट मोकळी आहे." हे बोलायला दहा सेकंद लागतात. यातून "नाइलाजाने", "अॅक्च्युअली", "फक्त", "काय करणार", "सॉरी पण", "थोडा प्रॉब्लेम होता" हे सगळं काढून टाकलंय ते बघा. "थोडा प्रॉब्लेम" हा शब्द तर आवर्जून टाळा, त्याने समोरचा पुढे विचारणारच की कसला प्रॉब्लेम, आणि तुम्ही परत त्याच खड्ड्यात. स्पष्ट पण आखूड कारण दिलं की उत्सुकता तिथेच संपते, मोघम दिलं की वाढते. "पर्सनल रीझन" याच्याबाबतीतही तसंच होतं, ऐकणाऱ्याला लगेच वाटतं काहीतरी लपवतेय.

सासऱ्यांना पॅरालिसिस झाला हे सांगितलं तरी बिघडत नाही, पण मी "घरच्या आजारपणासाठी" इतकंच म्हणते कारण पॅरालिसिस म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात अंथरुणाला खिळलेला माणूस येतो आणि ते आजारपण वर्षानुवर्षं चालतं हे त्यालाही माहीत असतं. तुमच्याकडे तसं नाहीये, ते चालतायत. मग मुद्दाम ते चित्र कशाला उभं करायचं. त्याने थेट विचारलं तर खरं सांगा, लपवायचं काहीच नाही.

आता हे वाक्य कुठे ठेवायचं. सुरुवातीला नाही आणि शेवटाला तर अजिबात नाही. मी शेकडो इंट्रो ऐकल्यात आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तुमच्या शेवटच्या वाक्यातून निघतो, त्याच्यामागे काही डाव नसतो, शेवटचं कानात राहिलेलं असतं म्हणून. "...आणि मग तीन वर्षं घरी होते" इथे थांबलात तर पुढची पाच मिनिटं घरावरच जातात. म्हणून आधी काम, मग गॅप, मग गॅपमधलं जे या नोकरीला खरंच लागतं ते, मग नवीन फील्डशी सांधा, आणि शेवट अशा कामावर की ज्यावर प्रश्न आलेला तुम्हाला हवा आहे.

गॅपमधलं जे लागतं ते, याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत. दोन सीझन घरची बाग बघितली. पल्पच्या फॅक्टरीला इंटरव्ह्यू आहे आणि तुम्ही आंब्याच्या बागेत दोन सीझन काढलेत! घरचा माल कॅनिंगला गेला असेल ना? डागी, बारका, पेटीत न बसणारा आंबा किलोवर कॅनिंगला जातो, तिथे वजनकाट्यावर कुठला माल बाजूला काढतात, कच्चा किती, फळमाशीचा किती, कापल्यावर साका किती निघतो, हे तुम्ही डोळ्याने बघितलंय. साका तर बाहेरून दिसतच नाही, फळ हातात घेऊन कितीही चांगलं वाटलं तरी कापल्यावरच आतला पांढरट स्पंजासारखा भाग आणि तो आंबूस वास कळतो. पल्पच्या लॅबला कच्च्या मालाचं सॅम्पलिंग करताना हाच त्रास असतो. शहरातून आलेल्या केमिस्टला हे शिकवावं लागतं, तुम्हाला नाही.

फक्त एक सांभाळा, याला फुगवू नका. सीव्हीवर "मॅनेजर, कौटुंबिक आंबा व्यवसाय, २०२२ ते २०२५" असं लिहिलेलं मी बघितलंय आणि दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं, टर्नओव्हर किती, जीएसटी नंबर आहे का, हाताखाली किती माणसं, मग माणूस गडबडतो आणि आधीचं खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं. "घरच्या बागेचं दोन सीझन बघितलं, माल कॅनिंगला पाठवायचं काम माझ्याकडे होतं" इतकंच. जे केलं ते साध्या क्रियापदात सांगितलं की वजन आपोआप येतं. आणि बाग तुम्ही नुसती बघितली असेल, कॅनिंगला माल दिराने नेला असेल, तर तसं म्हणा किंवा ते वाक्यच सोडून द्या.

फील्ड बदलाचं पण तसंच. "मला नेहमीपासूनच फूडमध्ये आवड होती" हे वाक्य ऐकून कोणीच विश्वास ठेवत नाही. केमिकल आणि फूड ही दोन नावं वेगळी आहेत, पण लॅबच्या टेबलावर बसलं की अर्धं काम तेच आहे. पीएच मीटर बफरने कॅलिब्रेट करणं तेच, टायट्रेशन तेच, सोल्यूशन स्टँडर्डाइज करणं तेच, सॅम्पल रिटेन करणं, लॉगबुक, रिझल्ट स्पेसिफिकेशनबाहेर गेला तर काय करायचं, सीओए बनवणं, सगळं तेच. जे नाही ते म्हणजे मायक्रोबायोलॉजी, प्लेट काउंट, यीस्ट-मोल्ड, आणि हायजीनची शिस्त, हॅसॅप म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत, वगैरे. केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी म्हणजे माणसाची सेफ्टी, फूडमध्ये त्याच्या जोडीला खाणाऱ्याची पण. हा फरक तुम्हाला कळतो हे एका वाक्यात दिसलं पाहिजे. म्हणजे काय येतं ते नेमकं सांगायचं, काय येत नाही ते पण एकदाच नेमकं सांगायचं, आणि त्याबद्दल काय केलंय ते. काहीच केलं नसेल तर इंटरव्ह्यूच्या आधी एफएसएसएआयचं फोस्टॅक ट्रेनिंग करून घ्या, दिवसभराचं असतं, मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांसाठीचं वेगळं असतं ते बघून घ्या. त्याने मायक्रो येत नाही, ते मी आधीच सांगते, पण एक पाऊल टाकल्याचं दिसतं.

आता सगळं एकत्र. खालची इंट्रो मी तुमच्या माहितीवरून लिहिलीय, लॅबमधले काही तपशील अंदाजाने घातलेत, तुमचे खरे घाला आणि जे केलेलं नाही ते काढून टाका:

"नमस्कार सर. मी क्यूसी केमिस्ट आहे. लोट्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबला साडेचार वर्षं होते. कच्चा माल, इन-प्रोसेस आणि फिनिश्ड, तिन्हीचं टेस्टिंग केलं, पीएच मीटरचं रोजचं कॅलिब्रेशन आणि सोल्यूशनचं स्टँडर्डायझेशन माझ्याकडे होतं, शेवटी शेवटी सेकंड शिफ्टची लॅब मी एकटी बघत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडून पावसला आले, आता घरी व्यवस्था लागली आहे आणि मी फुल टाइम, शिफ्टसकट मोकळी आहे. पावसला दोन सीझन घरच्या बागेचा माल कॅनिंगला पाठवायचं काम बघितलं, कुठला आंबा परत येतो, साका किती निघतो ते तिथे बघितलं आणि तेव्हाच फळाच्या लॅबला यायचं ठरवलं. मायक्रो मला शिकावं लागेल, फूड सेफ्टीचं फोस्टॅक ट्रेनिंग केलंय. पल्पची अॅसिडिटी, पीएच, ब्रिक्स हे काम मी पहिल्या दिवसापासून हातात घेऊ शकते."

सावकाश म्हटलं तर एक मिनिटाच्या आसपास जातं. त्यात गॅपचं एकच वाक्य, आणि त्याच्या पुढचं वाक्य लगेच आंब्यावर. फील्ड का बदललं याचं उत्तर पण आलं, आवड-बिवड न म्हणता. लोट्याला परत का जात नाही हेही पावसला राहता म्हटल्यावर कळलं, वेगळं सांगायला लागलं नाही. इथल्या फॅक्टरीला जवळचा माणूस हवाच असतो, सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी कसा जाणार ही त्यांची कायमची चिंता असते, पण "जवळ आहे म्हणून अप्लाय केलं" हे तुमच्या तोंडून पहिलं कारण म्हणून येऊ देऊ नका. त्यांनी विचारलं तर मग सांगा की पावसवरून येणं-जाणं मी बघून ठेवलंय, अमुक एसटी आहे किंवा गाडी आहे.

शेवटचं वाक्य मुद्दाम अॅसिडिटी आणि ब्रिक्सवर, म्हणजे पल्पच्या आंबटपणावर आणि त्यात विरघळलेल्या साखरेच्या मापावर ठेवलंय, कारण प्रश्न तिथून येणार आणि तो तुमच्या घरच्या मैदानावरचा आहे. त्याची तयारी मात्र पक्की हवी. क्यूएचा हेड असला तर तो हमखास विचारतो की आमरस पिवळाधमक, मग फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी एंडपॉइंट दिसणार कसा. केमिकलमध्ये बहुतेक वेळा सोल्यूशन पारदर्शक असतं त्यामुळे हा प्रश्न तिकडे क्वचितच येतो. उत्तर असं की सॅम्पल डिस्टिल्ड वॉटरने भरपूर पातळ करायचं, किंवा सरळ पीएच मीटर लावून ८.१-८.२ पर्यंत टायट्रेट करायचं. मग हिशोब. समजा १० ग्रॅम पल्प घेतला आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ९ एमएल लागलं. एक एमएल म्हणजे ०.००६४ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणून ९ गुणिले ०.००६४ म्हणजे ०.०५७६ ग्रॅम, दहा ग्रॅममध्ये, म्हणजे ०.५७६ टक्के. हे तुम्ही कागदावर करून दाखवलंत की हात विसरला का हा प्रश्न कायमचा मिटतो, त्यासाठी "सर मी अजून विसरलेली नाही" असं म्हणायची वेळच येत नाही.

ब्रिक्सचं पण एक लक्षात ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरची स्केल २० डिग्रीला धरलेली असते, मे महिन्यात रत्नागिरीच्या लॅबला एसी बंद पडला की सॅम्पल गरम असतं आणि टेम्परेचर करेक्शन नसलेल्या मीटरवर रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. आणि पीएच ४.६ हा आकडा माहीत हवा, त्याच्या खाली डबाबंद अन्नात विष तयार करणारे बोट्युलिनमचे जंतू वाढत नाहीत म्हणून पल्पसारख्या आंबट मालाला बरीच कमी उष्णता पुरते, कॅन केलेल्या मटणाला किंवा भाज्यांना लागते तितकी नाही. एवढं बोललात की समोरचा विसरून जातो की तुम्ही केमिकलमधून आलात.

आता उलटे प्रश्न. पहिला येतो तो "परत घरी असं काही झालं तर?" इथे बऱ्याचजणी "नाही नाही सर, आता काही होणार नाही" म्हणतात, आणि ते कोणालाच खरं वाटत नाही कारण असं कोणाच्याच हातात नसतं. व्यवस्था सांगा. "दिवसा घरी बाई असते, दवाखान्याचं मिस्टर आणि दीर बघतात, मला एखाद्या दिवसाची रजा लागली तर आधी सांगून घेईन. सीझनमध्ये मी कामावर असेन असं घरी बोलून ठेवलंय." हे शेवटचं वाक्य पल्पवाल्यांसाठी सोन्यासारखं आहे, त्यांचं वर्षाचं काम एप्रिल-मे आणि जूनच्या सुरुवातीत होतं, पाऊस लागला की संपलं. पण घरी खरंच बोलून घ्या आणि मगच म्हणा.

दुसरा, बायकांना हमखास विचारतात, मुलं किती, लहान आहेत का, कोण सांभाळतं. असं विचारणं योग्य नाही हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी ज्यांच्याबरोबर बसते त्यांना मी थांबवते, पण सगळीकडे मी बसलेली नसते. तिथे चिडू नका आणि माहितीही वाढवू नका. "घरची सोय आहे सर, शिफ्टला अडचण येणार नाही" आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. समोर शांतता झाली की आपण ती भरायला जातो आणि सगळी कहाणी तिथूनच सुरू होते.

तिसरा पगाराचा. गॅप आहे आणि फील्ड नवीन आहे म्हणून तुम्हाला फ्रेशर धरायचा प्रयत्न होईल. मायक्रो येत नाही यासाठी तुम्ही थोडं खाली यायला तयार असणं वेगळं, आणि साडेचार वर्षांचं टेस्टिंग शून्य धरणं वेगळं. "केमिकल टेस्टिंगचा अनुभव धरून सांगा, मायक्रो शिकल्यावर सहा महिन्यांनी परत बघू" असं म्हणायला हरकत नाही. किती खाली यायचं ते तुमची गरज आणि त्यांची घाई यावर आहे, मार्चअखेर त्यांना माणूस मिळत नसेल तर तुमची बाजू बरी असते, जुलैत नाही.

तारखांबद्दल एक गोष्ट कडकपणे सांगते. गॅप कमी दिसावी म्हणून लोट्याची नोकरी सहा महिने पुढे ओढून सीव्हीवर लिहू नका. नवीन ठिकाणी पीएफसाठी फॉर्म ११ भरता तेव्हा जुना यूएएन आणि सोडल्याची तारीख लिहावी लागते, आणि यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत जॉइनिंग आणि एक्झिट दोन्ही तारखा दिसतात. तिथे तीन वर्षांची गॅप असून काही होत नाही, पण सीव्हीवर एक आणि तिथे दुसरंच निघालं की ऑफर जाते, आणि गेलेली मी बघितलीय. जुन्या कंपनीने एक्झिट डेट भरलीच नाही असंही होतं, ते आत्ताच लॉगिन करून बघा, नसेल तर कंपनीला सांगून भरून घ्या, नाहीतर पोर्टलवर तुम्हाला स्वतःलाही टाकता येते. आणि तुम्ही तिथे ठेकेदारामार्फत असाल, जे आपल्याकडे लॅबमध्येही सर्रास असतं, तर पीएफ आणि अनुभवाचं पत्र ठेकेदाराच्या नावाने निघेल. तेव्हा इंट्रोमध्ये कंपनीचं नाव घेताना "अमुक ठिकाणी, ठेकेदारामार्फत" असं एकदा म्हणून टाका, कागद बघितल्यावर समोरच्याला धक्का नको.

तयारी कशी करायची तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. शब्द ऐकायच्या आधी वेग ऐका. गॅपच्या वाक्याला बहुतेकांचा वेग वाढतो आणि आवाज खाली जातो, जणू पटकन उरकून टाकायचंय, आणि समोरच्याचं लक्ष नेमकं तिथेच जातं. ते वाक्य लोट्याच्या वाक्याच्या वेगाने आलं पाहिजे. घरातल्या कोणासमोर म्हणू नका, त्यांना सगळं माहीत असतं आणि तुम्हाला परत भरून येईल. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासमोर म्हणा, शेजारची कॉलेजची मुलगी चालेल, आणि तिला म्हणा मला एक प्रश्न विचार. तिने आजारपणाबद्दल विचारलं तर गॅपचं वाक्य अजून लांब किंवा मोघम आहे. तिने साका म्हणजे काय किंवा ब्रिक्स कसं मोजतात विचारलं तर जमलं. खऱ्या इंटरव्ह्यूत पण हीच खूण.

भाषेचं म्हणाल तर इथल्या फॅक्टऱ्यांत सुरुवात इंग्लिशमध्ये होते आणि दोन मिनिटांत मराठीवर येते. गॅपचं वाक्य दोन्ही भाषांत पाठ नाही पण बसलेलं ठेवा, कारण माणूस अडकतो तो बहुतेक वेळा त्याच वाक्यात भाषा बदलताना. इंग्लिशला शब्द सापडला नाही तर मराठीत बोला, मधेच थांबून माफी मागू नका.

आणि आत जायच्या आधी गेटवर सिक्युरिटी एक छापील फॉर्म देते, त्यात "नोकरी सोडण्याचे कारण" म्हणून बोटभर जागा असते. तिथे "घरगुती अडचण" लिहू नका, तोच कागद नंतर टेबलावर समोर असतो आणि त्यावरूनच विचारलं जातं. लिहा: "कौटुंबिक आजारपण (ऑगस्ट २०२२), आता पूर्णवेळ उपलब्ध."